घोस्ट नोट की फिल: आधी हात कशावर बसवावा?

ड्रमवर ठेका बसलाय, बँड आहे, आता वाजवण्यात स्वतःचं काही आणायचंय. पण सरावाला दिवसाचा एकच तास मिळतो. तो फिलना, म्हणजे ठेका मोडून वाजवायच्या छोट्या तुकड्यांना द्यावा, की घोस्ट नोटना, म्हणजे स्नेअरवरच्या जेमतेम ऐकू येणाऱ्या आघातांना?

फिलची ओढ मला कळते. रिंगो स्टार डावखुरा, पण ड्रम उजव्या हाताच्या माणसासारखे मांडून वाजवतो. म्हणून टॉमवरून फिरताना त्याचा हात वेगळ्याच वाटेने जातो आणि दोन मात्रांत माणूस ओळखू येतो. घोस्ट नोट इतकी चटकन ओळख देत नाहीत, हे मान्य.

माझं मन फिरलं ते समेपायी. आमच्या तालमीचं रेकॉर्डिंग ऐकलं, तर प्रत्येक फिलमध्ये माझे हात घाई करत होते. क्रॅश समेच्या किंचित आधी पडायचा आणि बास वाजवणाऱ्याला दर वेळी मला गाठावं लागायचं. शेवटचं ध्रुवपद पहिल्यापेक्षा उघडउघड जलद झालं होतं. फिल चालू असताना डाव्या पायाने हाय-हॅटवर मात्रा धरून पाहिल्या. फरक पडला, पण खोड गेली नाही.

ती गेली हाफ-टाइम शफलवर बसल्यावर. टोटोच्या १९८२च्या ‘रोझॅना’त जेफ पोर्कारोने वाजवलेला हा ठेका, बर्नार्ड पर्डी आणि जॉन बोनम या ड्रमरांकडून तो घेतल्याचं त्याने स्वतःच सांगितलं होतं. प्रत्येक मात्रेचे तीन भाग करा. पहिला आणि तिसरा हाय-हॅटवर, मधला डाव्या हाताने स्नेअरवर, अगदी हलका. तिसऱ्या मात्रेवर मात्र स्नेअरचा खणखणीत बॅकबीट.

अडतं ते बॅकबीटच्या लगेच पुढच्या घोस्ट नोटवर. जोरात मारलेली काठी उसळून वर जाते आणि पुढचा आघातही मोठाच पडतो. म्हणून उसळी बोटांनी खालीच पकडायची, टोक कातड्यापासून इंचभरावर. संथ लयीत दोन आठवडे मी एवढंच केलं. फोन खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवून रेकॉर्ड करा: घोस्ट नोट सुट्या मोजता आल्या तर त्या जास्त मोठ्या आहेत, गाळल्यावर ठेका पोकळ वाटला तर बरोबर आहेत.

मात्रेचे बारीक भाग डाव्या हातात सतत चालू राहिले की फिल म्हणजे तेच भाग टॉमवर नेणं. मोजणी तुटत नाही, सम आपोआप सापडते. निदान माझं तरी असं झालं.

अर्थात, जलद लयीत, गिटारच्या दाट डिस्टॉर्शनखाली घोस्ट नोट बुडतात. तिथे फिलच कामाला येते. आणि कार्यक्रमात स्नेअरच्या माइकवर गेट लावला असेल तर तो हलके आघात कापून टाकतो. साउंड चेकच्या वेळी फक्त घोस्ट नोट वाजवून दाखवा आणि गेट त्यानुसार खाली आणायला सांगा.