कंपनीला फ्लॅट भाड्याने देऊन बरेच महिने झाले: माणसं चांगली, इन्व्हॉइस मात्र डोकं उठवतं

या महिन्याचं इन्व्हॉइस परत आलं. शेरा एका ओळीचा: "पीओशी रक्कम जुळत नाही." पीओ म्हणजे पर्चेस ऑर्डर, कंपनीने खर्च मंजूर केल्याचा कागद. फरक इतका किरकोळ, की कोणी हातात आणून दिला असता तर मी मोजलाही नसता. पण त्या फरकापायी अख्ख्या महिन्याचं भाडं अडकलं, म्हणून चिडून हे लिहितो आहे. कर्मचाऱ्यांच्या निवासासाठी कंपनी घर घेते म्हणजे काय, हे वाचणाऱ्यांना माहीत आहे असं धरतो. फ्लॅट किती मोठा, फर्निचर कसलं, यात मी शिरणार नाही.

आधी कंपनीला फ्लॅट कसा दाखवला, ते थोडक्यात. घरगुती भाडेकरूला उजेड, वारा, देवघर, स्वयंपाकघर दाखवतात. कंपनीच्या अ‍ॅडमिनला त्यातलं काही नको असतं. त्याला एकच गोष्ट हवी असते: या घरावरून आपल्याला परत ईमेल येऊ नयेत. म्हणून मी एका पानाचं टिपण केलं. ऑफिसपर्यंत गर्दीच्या वेळी लागणारा वेळ, इंटरनेटचा प्रत्यक्ष मोजलेला वेग, वस्तूंची यादी फोटोंसह, कंपनीला घर देण्यास इमारतीची हरकत नसल्याचं पत्र, आणि मेंटेनन्स व इंटरनेट धरून एकच मासिक आकडा. सगळ्यात जास्त उपयोग झाला तो एका वेगळ्याच गोष्टीचा. दोन्ही बेडरूम सारख्या आकाराच्या आहेत आणि दोन्हींना स्वतंत्र बाथरूम आहे. दोन सहकारी एकत्र राहतात तेव्हा मोठी खोली कोणाला, यावरून एचआरकडे तक्रारी जातात. तो प्रश्नच इथे उरत नाही, हे मी टिपणात पहिल्या ओळीत लिहिलं होतं. भाड्यावर फारशी घासाघीस झाली नाही.

करारातल्या मुदतीवर मात्र झाली. त्यांच्या मसुद्यात बारा महिन्यांचा करार होता, पण कंपनी कधीही 30 दिवसांची नोटीस देऊन सोडू शकत होती. म्हणजे करार वर्षाचा आणि भरवसा महिन्याचा. मी सहा महिन्यांचं लॉक-इन आणि नंतर 60 दिवसांची नोटीस मागितली, ती मिळाली. नुसतं "लॉक-इन सहा महिने" एवढं लिहून भागत नाही. कंपनीने मध्येच घर सोडलं तर लॉक-इनच्या उरलेल्या महिन्यांचं भाडं देय राहील आणि ते अनामतीतून वळतं करता येईल, हे वाक्य हवंच. ते नसेल तर मोडल्यावर काय, यावर वाद घालत बसावं लागतं.

आता मूळ दुखण्याकडे. आमचा करार महिन्याच्या 17 तारखेला सुरू झाला. महिना 31 दिवसांचा, त्यामुळे पहिल्या महिन्याचे 15 दिवस झाले. पूर्ण भाडं 100 धरा. प्रत्यक्ष दिवसांनी हिशेब केला तर 15 भागिले 31, म्हणजे 48.39. प्रत्येक महिना 30 दिवसांचा धरून 15 दिवस मोजले तर 50. आणि काही कंपन्या 31 तारीख धरतच नाहीत. त्या पद्धतीने 17 ते 30 असे 14 दिवस होतात आणि उत्तर येतं 46.67. तिन्ही हिशेब आपापल्या जागी बरोबर. करारात यातली कोणती पद्धत, हे लिहिलेलं नव्हतं. माझं इन्व्हॉइस एका पद्धतीचं, त्यांची प्रणाली दुसऱ्या पद्धतीची.

बरं, माणूस असता तर फोनवर मिटलं असतं. पण तिथे पडताळणी तीन कागदांची होते: पर्चेस ऑर्डर, सेवा मिळाल्याची अ‍ॅडमिनने केलेली नोंद, आणि इन्व्हॉइस. तिन्हींचे आकडे जुळले तरच बिल पुढे सरकतं. अ‍ॅडमिन म्हणतो, माझ्याकडून मंजूर आहे. अकाउंट्स म्हणतं, पीओ बदलून आणा. पर्चेसवाला म्हणतो, पीओ बदलायला अ‍ॅडमिनची विनंती लागते. प्रत्येक जण अतिशय सौजन्याने बोलतो, हे सांगितलंच पाहिजे.

खरी मेख पुढे होती. पीओत बारा ओळी होत्या, एकेका महिन्याची एक. पण 17 तारखेला सुरू झालेल्या वर्षाची, कॅलेंडर महिन्यांप्रमाणे, इन्व्हॉइस बारा होत नाहीत, तेरा होतात: सुरुवातीचा अर्धा तुकडा, मधले अकरा पूर्ण महिने आणि शेवटचा 1 ते 16 तारखेचा तुकडा. पहिल्या अर्ध्या तुकड्यासाठी कुठली ओळ वापरायची, इथूनच घोळ सुरू झाला. पहिली ओळ अर्धीच वापरली गेली, मग पुढच्या पूर्ण महिन्याचं बिल तिच्यात उरलेल्या रकमेत मावेना.

याला दोन उपाय आहेत. एक, बिलाचा महिनाच 17 ते 16 असा ठरवायचा. मग बारा बिलं आणि बारा ओळी. त्यांच्या अकाउंट्सला ते नको होतं, कारण त्यांचा खर्च महिनाअखेरीला बंद होतो. दुसरा उपाय, पीओ तेरा ओळींचा करून घ्यायचा आणि हिशेब प्रत्यक्ष दिवसांचा ठेवायचा. यात एक गंमत आहे. पहिला आणि शेवटचा तुकडा एकाच नावाच्या महिन्यात येतात, त्यामुळे 15 आणि 16 मिळून बरोबर 31 दिवस होतात आणि वर्षाची बेरीज नेमकी बारा महिन्यांची येते. तीस दिवसांनी भागून तेच तुकडे घेतले असते तर 31 भागिले 30 झालं असतं. म्हणजे शेवटचं बिल पीओच्या मर्यादेबाहेर गेलं असतं आणि नेमकं घर रिकामं करायच्या वेळी अडकलं असतं. तेरा ओळी मिळाल्या आहेत, पण पीओ बदलण्याआधी निघालेली बिलं अजून त्या जुन्या ओळींवर आपटून परत येतात. आजचं त्यातलंच एक.

बिल परत आलं की नुसता त्रास होत नाही, घड्याळ मागे जातं. पैसे देण्याची मुदत आहे 30 दिवस, पण ती इन्व्हॉइसच्या तारखेपासून नाही, ते स्वीकारल्यापासून. पहिल्या महिन्याचं चित्र बघा. 17 तारखेला चाव्या दिल्या, 31 तारखेला बिल पाठवलं, ते स्वीकारायला पाच दिवस धरले आणि त्यावर 30. एकही चूक नसताना पैसे सात आठवड्यांनी. मध्ये एकदा परत आलं तर 30 दिवस पुन्हा पहिल्यापासून. घराचा हप्ता याच भाड्यातून जात असेल तर ही गोष्ट भाड्याच्या आकड्याइतकीच महत्त्वाची आहे, आणि फ्लॅट दाखवताना तिच्याबद्दल कोणी एक शब्द बोलत नाही.

इथवर लिहून ठेवलं होतं, तेवढ्यात अकाउंट्समधल्या एका मॅडमचा फोन आला आणि माझा सूर थोडा खाली आला. त्यांनी विचारलं, "तुम्ही रिकरिंगमध्ये का नाही टाकून घेत?" काही कंपन्यांच्या प्रणालीत नोंदवलेल्या भाडेकरारावरून दर महिन्याला ठरलेली रक्कम आपोआप जाते, बिल नंतर जोडलं तरी चालतं. मला वाटलं होतं की मोठी कंपनी म्हणजे हे असंच असणार. पण ही सोय असते, आणि ती मागावी लागते. अर्ज दिला आहे. ती झाली तर वरच्या अर्ध्या तक्रारी मागे घेईन. अर्ध्याच, कारण आगाऊ भाड्याला त्यांनी अजून होकार दिलेला नाही.

माणसं बदलण्याच्या नियमाबद्दल मला सुरुवातीला धास्ती होती आणि तोच भाग उत्तम निघाला. कंपनी सात दिवस आधी लेखी कळवून राहणारा कर्मचारी बदलू शकते, नवा करार लागत नाही. एका वेळी दोघेच राहणार. एक गेला आणि दुसरा यायचा आहे, या मधल्या काळातही भाडं चालू राहतं. पहिल्यांदा असं झालं तेव्हा एक खोली काही आठवडे रिकामी होती आणि भाडं पूर्ण आलं. घरगुती भाडेकरू गेल्यावर दलाली, रंगकाम आणि रिकामा महिना असा तिहेरी फटका बसतो. तो इथे नाही. माझ्यासारख्या चिक्कू माणसाला हे एवढं पुरेसं आहे.

खटका उडाला तो चावीवरून. जाणारा मुलगा येणाऱ्याला परस्पर चावी देऊन गेला. नंतर टेबलावर इस्त्रीचा डाग दिसला आणि अ‍ॅडमिनने विचारलं, कोणत्या कर्मचाऱ्याने केला ते सांगा. मी का सांगू? भाडेकरू कंपनी आहे, राहणारा फक्त तिच्या वतीने राहतो. आता करारात जोड घातली आहे: प्रत्येक बदलाला 48 तासांच्या आत दोन्ही बाजूंनी मिळून पाहणी, मधली सफाई कंपनीच्या खर्चाने, आणि नुकसान कोणीही केलं तरी जबाबदारी कंपनीची. याच अंगाने एक सावधगिरी. कर्मचाऱ्याने नोकरी सोडली आणि "मी पुढचं भाडं थेट तुम्हालाच देतो" म्हणाला तर घेऊ नका. त्याच्याशी वेगळा भाडेकरूचा संबंध जोडला गेला, असा दावा पुढे होऊ शकतो. घर रिकामं करून ताबा परत देण्याचं काम कंपनीचं, असंच करारात हवं.

वस्तू बदलण्याचं कलम मात्र मला अजूनही पटलेलं नाही. वॉशिंग मशीन बंद पडलं. नियम असा: 48 तासांत दुरुस्ती, नाहीतर सात दिवसांत बदली, "समान किंवा वरच्या दर्जाची". जुन्या मशीनच्या बदल्यात वरचा दर्जा कशाला? दुरुस्तीवाला वेळेत आला म्हणून वाचलो. त्याहून वाईट म्हणजे, घर राहण्याजोगं उरलं नाही तर मालकाने पर्यायी निवास द्यायचा आणि त्याच्या खर्चाला मर्यादाच नव्हती. पाण्याची गळती होऊन चार रात्री हॉटेल लागलं तर ते बिल महिन्याच्या भाड्याचा मोठा घास घेईल. मी मर्यादा घालून घेतली: जितके दिवस घर वापरता येणार नाही तितक्या दिवसांचं भाडं, त्यापुढे एक पैसा नाही. आणि कपात करायची तर मी वेगळी क्रेडिट नोट देईन, त्यांनी परस्पर कमी रक्कम भरायची नाही. कमी भरलेलं बिल त्यांच्याकडे उघडंच राहतं आणि मग पुढचंही त्याच्यामागे रांगेत उभं राहतं.

नूतनीकरणाची बोलणी सुरू आहेत. ते भाड्यात थोडी सूट मागतायत. मी म्हटलंय, सूट देतो, पण मुदत इन्व्हॉइसच्या तारखेपासून मोजा आणि "वरच्या दर्जाची" हे दोन शब्द काढून "त्याच क्षमतेची, चालू स्थितीतली" असं लिहा. पहिल्या मागणीवर पर्चेसवाले विचार करतायत. दुसरी त्यांनी लगेच मान्य केली, तेव्हा वाटलं की हे आधीच मागायला हवं होतं.