कोटेशन, बिल की पावती? छोट्या पुरवठादाराने कधी काय द्यायचं

जळगाव एमआयडीसीतल्या एका छोट्या फॅब्रिकेशनवाल्याचं उदाहरण धरू. रावेरच्या केळी व्यापाऱ्याला रायपनिंग चेंबरसाठी दहा लोखंडी रॅक हवे आहेत. रॅकचा दर ६,००० रुपये, म्हणजे ६०,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी १०,८००, एकूण ७०,८००. या एका व्यवहारात तिन्ही कागद लागतात, आणि घोळ होतो तो बहुतेक वेळा क्रम चुकल्यामुळे.

| कागद | कधी | काय सांगतो |
|---|---|---|
| कोटेशन | ऑर्डरच्या आधी | या दरात, या अटींवर माल देईन |
| बिल | माल निघताना | माल दिला, एवढे पैसे येणे |
| पावती | पैसे हातात आल्यावर | एवढे मिळाले |

कोटेशनने कोणाचं देणं तयार होत नाही आणि करही लागत नाही. पण भांडणाचं मूळ बहुधा तिथेच सापडतं. नुसतं ‘दहा रॅक, ६०,०००’ लिहिलं तर समोरचा म्हणेल की जीएसटी त्यातच आला. ते मान्य करावं लागलं तर मूळ किंमत ५०,८४७ वर येते आणि ९,१५३ रुपये मजुरी-नफ्यातून जातात. म्हणून ‘जीएसटी १८ टक्के वेगळा’ हे शब्द हवेतच. रॅकचं माप, अँगलची जाडी, रंग, गाडीभाडं आणि उतरवणी कोणाकडे, अ‍ॅडव्हान्स किती, तेही लिहा. लोखंडाचे भाव हलतात, तेव्हा ‘दर १५ दिवसांपर्यंत’ अशी मुदत घाला. मग ‘कोटेशन मंजूर’ एवढा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज तरी मिळवा. पर्चेस ऑर्डर मिळाली तर उत्तमच.

आता ३०,००० अ‍ॅडव्हान्स येतो. नेमकं इथेच गिऱ्हाईक म्हणतं, “भाऊ, आधी बिल धाडा, मंग पैसा टाकसू.” त्याला भिडेखातर बिल देऊ नका. अ‍ॅडव्हान्सची पावती द्या. जीएसटीत तिला रिसीट व्हाउचर म्हणतात. तिच्यावर नंबर, तारीख, दोघांची नावं आणि जीएसटी नंबर, रक्कम, कशापोटी मिळाली, कराचा दर, हे सगळं हवं. त्याच्या अकाउंटंटला पैसे सोडायला कागद हवाच असेल तर प्रोफॉर्मा द्या. तो दिसायला बिलासारखा असला तरी मूळचं कोटेशनच असतो, म्हणून त्यावर ठळक ‘प्रोफॉर्मा’ लिहा आणि बिलांच्या मालिकेतला नंबर त्याला देऊ नका.

एवढा आग्रह का? समजा बिल २२ मार्चला फाडलं आणि रॅक मे महिन्यात तयार झाले. मालाच्या बाबतीत बिल निघालं की कराची जबाबदारी लागते. दरमहा रिटर्न भरणाऱ्याला ते १०,८०० रुपये २० एप्रिलपर्यंत भरावे लागतात. खरेदीवरचं क्रेडिट त्यातून वजा होईल, उरलेलं रोखीने. आणि अ‍ॅडव्हान्स तर लोखंडात अडकलेला. व्यापाऱ्यालाही फायदा नाही, कारण माल पोचल्याशिवाय त्याला इनपुट क्रेडिट घेता येत नाही. त्यात त्याने दोन रॅक रद्द केले तर क्रेडिट नोट काढायची वेळ येते. याउलट नियमित नोंदणी असलेल्याला नोव्हेंबर २०१७ पासून मालाच्या अ‍ॅडव्हान्सवर कर भरावा लागत नाही. सेवेला, म्हणजे नुसत्या दुरुस्तीच्या किंवा मजुरीच्या कामाला, ही सवलत नाही; तिथे अ‍ॅडव्हान्स आला की कर लागतो.

गाडी भरली की बिल. तारीख माल निघण्याची किंवा त्याआधीची चालते, नंतरची नाही. नंबर आर्थिक वर्षात सलग आणि जास्तीत जास्त १६ अक्षरांचा. महाराष्ट्रातच विक्री असल्याने सीजीएसटी ५,४०० आणि एसजीएसटी ५,४०० वेगळे दाखवा. तीन प्रती काढा: मूळ गिऱ्हाइकाला, दुसरी गाडीवाल्याला, तिसरी आपल्याकडे. बिलात अ‍ॅडव्हान्स पावतीचा नंबर घालून ३०,००० वजा दाखवा, म्हणजे ४०,८०० येणे स्पष्ट दिसेल. तुमच्या प्रतीवर ‘माल मिळाला’ अशी सही, शिक्का आणि तारीख घ्या. उधारीचे दिवस मोजायला हीच तारीख कामी येते. जीएसटी नोंदणी नसेल तर साधं बिल द्या, पण त्यात कर लावू नका. कंपोझिशनमध्ये असाल तर बिल ऑफ सप्लाय द्यायचं. त्यातही कर वसूल करता येत नाही.

उरलेले ४०,८०० आले की दुसरी पावती. कोणत्या बिलापोटी, रोख की ऑनलाइन, यूटीआर नंबर, बाकी शून्य असं लिहा. चेक असेल तर ‘चेक वटल्यावर ग्राह्य’. रोखीच्या ५,००० वरील पावतीवर एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट लावून त्यावर सही करा. आणि पैसे येण्याआधी बिलावरच ‘पेड’चा शिक्का मारून देऊ नका, पुढे तोच शिक्का दाखवून समोरचा ४०,८०० दिल्याचं सांगेल, आणि ते मिळाले नाहीत हे सिद्ध करत बसावं लागेल तुम्हाला.