फोटोतून चाचणी: सात महिन्यांनंतर

परभणी जिल्ह्यात माझी छोटी अभ्यासिका आहे. वीस-बावीस लेकरं पोलीस भरतीची तयारी करतात. सराव पुस्तकाच्या पानांचे फोटो काढायचे, फोनमधल्या मजकूर ओळखणाऱ्या अ‍ॅपने अक्षरं उचलायची, शीटमध्ये लावायची आणि गूगल फॉर्म्समध्ये क्विझ करायची, असं गेले सात महिने चालू आहे. आधी पन्नास प्रश्न टाईप करायला अख्खी संध्याकाळ जायची, आता तास-सव्वा तासात उरकतं. पण वेळ कुठे वाचतो आणि कुठे अंगलट येतो, ते सांगतो.

फोटोचा भाग सोपा. खिडकीजवळचा सकाळचा उजेड ट्यूबलाईटपेक्षा बरा, कारण हाताची सावली पडत नाही. या पुस्तकांचा कागद इतका पातळ असतो की मागची छपाई पुढे उमटते, म्हणून पानामागे काळा पुठ्ठा सरकवतो. पान दोन रकान्यांचं असेल तर प्रत्येक रकाना वेगळा कापायचा. नाहीतर अ‍ॅप डावीकडची ओळ वाचून सरळ उजवीकडे उडी मारतं आणि तिसऱ्या प्रश्नाचे पर्याय अठराव्याला चिकटतात. गणितात 2³ चं 23 होतं, ते नजरेनेच पकडावं लागतं.

खरा घोळ उत्तरसूचीत. दुसऱ्याच महिन्यात मी एक चाचणी दिली. रात्री जिंतूरकडच्या एका मुलीचा फोन आला.

"सर, येलदरीचं उत्तर सिंदफणा दाखवतंय. धरण आमच्या गावाहून हाकेवर हाय. पूर्णेवरच हाय ते!"

मी आधी पुस्तकावर ढकललं. या पुस्तकांत चुका असतातच. मग तिचा निकाल उघडला. पहिल्या एकवीस प्रश्नांत वीस बरोबर आणि पुढच्या अठ्ठावीसमध्ये फक्त सात. एवढी हुशार पोरगी बाविसाव्या प्रश्नापासून एकदम बिघडेल कशी? बाकीच्यांचंही तेच. `Frequently missed questions` मध्ये बाविसाव्यापासूनची रांगच लागलेली. चारातला एक पर्याय चुकूनही जुळतोच, म्हणून ते सात.

झालं असं होतं. छापील 22 वा प्रश्न पानाच्या तळाला आणि त्याचे पर्याय पुढच्या पानावर. अ‍ॅपने उचललेला तो तुकडा मला कचरा वाटला, मी पुसला. प्रश्नांना क्रमांक मी ओळीप्रमाणे दिले होते, म्हणजे छापील 23 वा माझा 22 वा झाला. उत्तरं मात्र पन्नासच्या पन्नास जशीच्या तशी चिकटवली. येलदरी पुस्तकात 31 वा, माझ्याकडे 30 वा, आणि त्याला 30 व्याचं उत्तर 4 लागलं. चौथा पर्याय सिंदफणा. शेवटी एक उत्तर जास्त उरलं तेव्हाच कळायला हवं होतं. मी तेही पुसलं. काय म्हणावं!

तेव्हापासून ओळीचा क्रमांक बंद. पहिल्या रकान्यात पुस्तकातला छापील क्रमांक, आणि उत्तरसूची `key` नावाच्या वेगळ्या शीटमध्ये, तीही छापील क्रमांकासकट. उत्तर सूत्राने ओढून आणतो:

```
=VLOOKUP(A2,key!A:B,2,FALSE)
```

आता एखादा प्रश्न गळला तर तेवढाच गळतो, पुढचे सरकत नाहीत. ५ चा ६ वाचला गेला तर क्रमांक दोनदा दिसतो. जिथे `#N/A` येतं तिथे सूचीत तो क्रमांकच नसतो. एक खबरदारी घ्यावी लागते: दोन्ही शीटमध्ये अंक एकाच लिपीतले हवेत, एकीकडे ३१ आणि दुसरीकडे 31 नको. शिवाय सुरुवातीचा, मधला आणि शेवटचा, असे मला पक्के ठाऊक असलेले तीन प्रश्न ताडून बघतो.

स्पष्टीकरणं मी स्वतःच लिहितो, दोन ओळींच्या वर नाही. योग्य उत्तर का योग्य, एवढ्यावर थांबत नाही, ज्या पर्यायावर पोरं घसरतात त्याचंही लिहितो. येलदरीखाली आता असं आहे: "येलदरी पूर्णा नदीवर. सिंदफणेवर माजलगाव, गोदावरीवर जायकवाडी." हे लिहायला बसलं की पुस्तकाच्या सूचीतल्या खऱ्या चुकाही सापडतात, कारण चुकीच्या उत्तराला कारण सुचतच नाही.

फॉर्ममध्ये `Shuffle option order` सरसकट चालू करू नका. "वरीलपैकी सर्व" हा पर्याय सगळ्यात वर येऊन बसतो, आणि स्पष्टीकरणात "पर्याय 2" लिहिलं असेल तर तेही खोटं ठरतं. मी पर्यायाचा क्रमांक न लिहिता शब्दच लिहितो. बुद्धिमत्तेच्या आकृत्या आणि जोड्या लावाचे तक्ते मजकुरात आणायच्या भानगडीत पडत नाही, चित्र कापून तसंच प्रश्नात डकवतो. लिंक अभ्यासिकेबाहेर देत नाही, पुस्तक दुसऱ्याचं आहे.

जिंतूरची ती मुलगी आता प्रत्येक चाचणी सगळ्यांच्या एक दिवस आधी सोडवते. तिची फी मी त्या महिन्यापासून घेत नाही.