कपाट आणि फ्रिज: ऑनलाइन मागवावं की गावातल्या दुकानातून?

किमतींची तुलना तुमची एव्हाना करून झाली असेल, म्हणून त्यात जात नाही. मॉडेल ठरलं, लिटर ठरले, कपाट तीन दारी की चार दारी हेही ठरलं. आता फक्त एवढंच उरलंय की ऑनलाइन ऑर्डर टाकायची की दुकानात जाऊन बयाणा द्यायचा. मी दोन्ही केलंय. पुण्यातल्या आमच्या फ्लॅटसाठी कपाट आणि फ्रिज ऑनलाइन आले. साताऱ्याला आईच्या घरी तेच दोन्ही तिथल्या दुकानातून आणले. पुढचं सगळं त्या अनुभवावरून आहे, त्यामुळे तुमच्या शहरात थोडं इकडेतिकडे होऊ शकेल.

वेळेच्या बाबतीत ऑनलाइनवाले वरकरणी पुढे आहेत. तारीख मिळते, गाडी निघाल्याचा मेसेज येतो. पण जड सामानासाठी जी वेळ देतात ती बहुतेकदा सकाळपासून रात्रीपर्यंतची असते, आणि घरी कुणी नसलं तर फेरी वाया जाते. दुकानदार यापेक्षा मोघम बोलतो. ‘संध्याकाळपर्यंत पाठवतो’ म्हणाला की संध्याकाळ म्हणजे नक्की काय, हे त्यालाही ठाऊक नसतं. फरक एवढाच की त्याला फोन लागतो. टेम्पो कुठे अडकलाय ते तो हमालालाच विचारून सांगतो. साताऱ्यात पाऊस चालू होता म्हणून मीच सांगितलं की कपाट उद्या आणा, आणि त्यानं ते उद्या आणलं. ऑनलाइनला तारीख बदलता येते, पण गाडीत माल चढल्यावर नाही.

पण यातलं काहीच माझ्या निर्णयाला कारण झालं नाही. कारण वेगळं आहे.

ऑनलाइन कपाट येतं ते चपट्या खोक्यांतून. खोकी आणणारी माणसं एका वाहतूक कंपनीची, जोडणारा सुतार दुसऱ्या कुणाचा तरी, आणि विकणारा तिसराच. खोकी दारात उतरली की ओटीपी मागतात. ओटीपी दिला की व्यवस्थेच्या लेखी माल तुम्हाला चांगल्या स्थितीत पोचला. सुतार येतो नंतर कधीतरी, त्याला दिलेल्या दिवशी. खोकी तोवर हॉलमध्ये भिंतीला टेकून उभी, आणि ‘सुतार येईपर्यंत उघडू नका’ अशी सूचना असते, कारण स्क्रूची पुडी हरवली तर जबाबदारी तुमची. परत करायची मुदत मात्र खोकी उतरली त्या दिवसापासून मोजली जाते, जोडणी झाली त्या दिवसापासून नाही. मधल्या त्या दिवसांत मालाला कुणीच वाली नसतो.

आमच्याकडे सुतारानं खोकी उघडली तर एका बाजूच्या फळीचा खालचा कोपरा चेपलेला. पार्टिकल बोर्डाचा कोपरा चेपला की आतला भुसा मोकळा होतो, आणि कपाटाचं वजन नेमकं त्याच कोपऱ्यावर येतं. सुतार म्हणाला, ‘दादा, मी जोडून देतो, फळीची तक्रार तुम्ही टाका.’ मी जोडू दिलं नाही. एकदा जोडलेलं कपाट परत घ्यायला खळखळ होते, आणि मोडायला गेलं की स्क्रूची भोकं सैल पडतात. सुतारानं कामाच्या कागदावर ‘फळी खराब, जोडणी केली नाही’ असं लिहून दिलं. त्या कागदाचा आणि फोटोंचा उपयोग झाला, बदली फळी आली. पण ती येईपर्यंत वाहतूकवाला म्हणत होता की खोकं शाबूत दिलं, विकणारा म्हणत होता की जोडताना तुटली असेल. दोघंही मला खोटं बोलतायत असं वाटलं नाही. दोघांपैकी कुणीच ते खोकं उघडताना समोर नव्हता, हाच सगळा घोळ.

साताऱ्याला आईच्या कपाटाचंही नुकसान झालं, हे सांगायला हवं. जिना चढवताना दाराच्या सनमायक्याला कठड्याचा चरा पडला. पण हमाल, सुतार आणि टेम्पो तिन्ही दुकानाचे, एकाच फेरीत आलेले. सुतारानं तिथूनच मालकाला फोन लावला आणि स्वतःच सांगितलं, ‘दार घासलंय, दुसरं काढून ठेवा.’ शिवाय उरलेले पैसे कपाट उभं राहिल्यावर द्यायचे, असं आधीच ठरलं होतं. नवं दार येईपर्यंत ते माझ्याकडेच राहिले. कुणाची चूक हा प्रश्न कुणाला पडलाच नाही.

जोडणीतलं नुकसान बऱ्याचदा त्या दिवशी दिसत नाही, म्हणून सुतार असतानाच दोन गोष्टी बघून घ्या. पहिली, फळ्या अडकवणारे गोल लॉक तो हातानं फिरवतोय की ड्रिलनं. ड्रिलनं जास्त आवळलं की भोकाभोवतीचा भुसा फुटतो. बाहेरून काही कळत नाही, पण हात लावला की सांधा किंचित हलतो. दुसरी, मागची पातळ फळी ठोकण्याआधी टेपनं दोन्ही कर्ण मोजायला सांगा. वरचा डावा ते खालचा उजवा आणि उलट, ही मापं सारखी आली तर सांगाडा काटकोनात आहे. फरक असेल आणि तशीच फळी ठोकली, तर कपाट कायमचं तिरकं राहतं. मग सुतार बिजागरीचे स्क्रू फिरवून दारं सरळ दाखवतो, आणि काही महिन्यांनी ती पुन्हा एकमेकांना घासायला लागतात. दोन दारांमधली फट वर जाड आणि खाली बारीक दिसली तर हेच झालंय असं समजा. काम पूर्ण झाल्याचा कोड किंवा सही त्याआधी देऊ नका.

आणखी एक, दुकानातून घ्या की ऑनलाइन. जमिनीवर आडवं जोडलेलं कपाट उभं करताना उंचीपेक्षा जास्त जागा लागते. सात फूट उंच आणि दोन फूट खोल कपाट उभं होताना त्याचा कर्ण जवळजवळ ८७.५ इंच होतो, म्हणजे सव्वासात फुटांहून थोडा जास्त. माळ्याखाली सव्वासात फूट मोकळे असतील तर कपाट तिथे बसेल, पण तिथे उभं होणार नाही. खोलीच्या मधोमध उभं करून सरकवावं लागेल, आणि सरकवताना पाय खेचले जातात. दुकानाचा सुतार आधी येऊन हे बघून जातो. ऑनलाइनला ते तुम्हीच बघायचं.

फ्रिजचं प्रकरण थोडं निराळं. तिथे दुकानाचा फायदा एवढा मोठा नाही, कारण दुकानातून घेतला तरी बसवायला माणूस कंपनीचाच येतो. पण तो येण्याआधी खोकं उघडून बघता येतं, आणि हमाल उभे असतानाच बघता येतं. समोरचं दार सगळेच बघतात. तुम्ही मागची खालची बाजू बघा. कॉम्प्रेसर तिथे असतो, त्याच्या बारीक तांब्याच्या नळ्या तिथे असतात, आणि ट्रॉलीवरून उतरवताना दणका बसतो तोही तिथेच. तिथे चेप असेल किंवा तेलाचा ओघळ दिसला, तर फ्रिज आत घेऊ नका. टेम्पोत आडवा टाकून आणलेला दिसला तर लगेच चालू करू नका. कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांत गेलेलं असतं, ते परत खाली यायला काही तास उभा ठेवावा लागतो. काही खोक्यांवर कलतं झाल्यास लाल होणारी चिकटपट्टी असते; ती लाल दिसली तर निदान चलनावर तसं लिहून घ्या. आणि दुकानातून घेताना खोक्यावरचा, फ्रिजवरचा आणि बिलावरचा सीरियल नंबर एकच आहे ना हे पडताळा, म्हणजे मांडणीतला नमुना गळ्यात पडत नाही.

परत कधी पाठवायचं, यावर माझा नियम कडक नाही. खोकं नुसतं खरचटलंय, धूळ लागलीय, स्क्रूची पुडी कमी आहे, यासाठी मी गाडी परत पाठवणार नाही. पुडी मागवता येते. भिंतीकडे जाणाऱ्या बाजूला छोटी चेप असेल तर दुकानदाराशी किमतीवर बोलता येतं, आणि बहुतेक वेळा तो ऐकतो. ऑनलाइनला ही सोय जवळपास नाहीच. पण पार्टिकल बोर्डाचं खोकं ओलं असेल, तर वरून सुकलेलं दिसलं तरी घेऊ नका. पावसाळ्यात हे होतं. कडा आतून फुगलेल्या असतात आणि फुगलेली फळी पुन्हा बसत नाही. खोक्याचा खालचा कोपरा आत गेलाय, पट्ट्या कापून पुन्हा बांधल्यात, हलवलं की काचेचा आवाज येतो, या वेळीही ओटीपी न देता परत पाठवलेलं बरं. आणणारा घाई करतो, ‘साहेब, आत्ता घ्या, नंतर तक्रार करा’ म्हणतो. त्याचंही खरं असतं, त्याला पुढच्या दहा ठिकाणी जायचं असतं. तरीही दारात लेबलासह खोक्याचा फोटो काढायला एक मिनिट पुरतं.

कायदा तुमच्या बाजूनं आहे, हे नाकारत नाही. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार माल सदोष असेल किंवा जाहिरातीप्रमाणे नसेल, तर विक्रेत्याला तो परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नकार देता येत नाही. तक्रार अधिकाऱ्यानं ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निवारण करायचं, असंही त्यात आहे. नाहीच ऐकलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे. पण कोपरा गाडीत चेपला की तुमच्या हॉलमध्ये, हे सिद्ध करायची वेळ आलीच तर पुरावा तुम्हालाच द्यावा लागतो, आणि दुकानाच्या बाबतीत ती वेळ सहसा येत नाही.

ऑनलाइन काही गोष्टींत खरंच बरं आहे. ‘ओपन बॉक्स’ पद्धतीनं देत असतील, म्हणजे आणणाराच तुमच्यासमोर उघडून दाखवून मग ओटीपी घेत असेल, तर माझा मुख्य आक्षेप बराचसा गळून पडतो. टीव्हीसाठी मी तोच मार्ग धरेन. मन बदललं म्हणून माल परत करायचा असेल तर दुकानदार तोंड फिरवतो, हेही खरं. आणि तुमच्या जवळच्या दुकानाचा स्वतःचा सुतार नसेल, तो बाहेरचाच कुणी पाठवत असेल, तर दुकान आणि ऑनलाइन यांत फारसा फरक राहत नाही.

म्हणून दुकानात बयाणा देण्याआधी तीन प्रश्न विचारा: जोडणारा माणूस टेम्पोबरोबरच येणार का, उरलेले पैसे जोडणी झाल्यावर चालतील का, आणि मजल्याची हमाली किमतीत धरली आहे का. पहिल्या दोन्हींना ‘हो’ आलं, तर हजार-दोन हजार जास्त गेले तरी कपाट मी तिथूनच घेईन. ऑनलाइनच घ्यायचं ठरलं असेल तर सुताराची वेळ डिलिव्हरीच्या दुसऱ्याच दिवशीची मागा, आणि ती मिळत नसेल तर परत करायच्या मुदतीच्या आत खोकी स्वतः उघडून, फळ्या मोजून, व्हिडिओ काढून पुन्हा बंद करून ठेवा. स्क्रूच्या पुडीला तेवढा हात लावू नका.