‘पन्नास टक्के हिरवं, पाच वर्षं गॅरंटी’ म्हणून गळ्यात मारलेलं शेडनेट

भाजीच्या रोपवाटिकेसाठी शेडनेट घेणाऱ्यांनी हे वाचावं. दुकानाचं नाव देत नाही, कारण हा माल एकाच दुकानात मिळतो असं नाही. गोव्यात म्हापशापासून साखळीपर्यंत कुठेही अशी भेंडोळी उभी दिसतील.

आमची रोपवाटिका सत्तरी तालुक्यात आहे. पाऊस ओसरला की मिरची, वांगी, टोमॅटोच्या रोपांना मागणी येते. भात कापून झालं की लोकांना शेतात भाजी लावायची असते, म्हणून आम्ही सप्टेंबरात ट्रे भरायला घेतो. जुनं नेट विरलं होतं. दुकानात जाऊन मी पन्नास टक्क्यांचं, म्हणजे निम्मा उजेड अडवणारं, नेट मागितलं. तीन मीटर रुंद, पन्नास मीटर लांब अशी दोन भेंडोळी मिळाली. दुकानदाराने ठासून सांगितलं, “भाऊ, हे पन्नास टक्केच. शंभर जीएसएम, यूव्हीवालं, पाच वर्षं बघायला नको. आणि रोपांना हिरवंच घ्या, काळ्याने आत भट्टी होते.” बिलावर मात्र ‘शेडनेट हिरवे, २ रोल’ एवढंच. टक्के लिहून द्या म्हटल्यावर म्हणाला, “कंपनीचं लेबल आहे ना आत!” आत लेबल होतं. त्यावर एका परदेशी पक्ष्याचं चित्र आणि ‘बेस्ट क्वालिटी’.

पहिलं भेंडोळं मांडवावर चढवलं आणि मिरचीची रोपं बिघडायला लागली. उगवण छान होती. पण दोन खरी पानं येईपर्यंत रोपं उंच, लुकडी, फिकट हिरवी झाली. दोन पेऱ्यांतलं अंतर वाढलं आणि ट्रे उचलला की सगळी एका अंगाला कलायची. खालच्या ओळीत कोलमड सुरू झाली. वहिनी म्हणाली, पाणी जास्त होतंय. पाणी कमी केलं तरी फरक नाही, कारण सावलीत कोकोपीट वाळतच नव्हतं. रोप उजेडाच्या मागे धावतंय हे उंचीवरून दिसत होतं. पण पन्नास टक्क्यांत मिरची अशी वागत नाही, म्हणून संशय नेटवर आला.

मग पुतण्याच्या मोबाइलवर उजेड मोजायचं अ‍ॅप घेतलं. मोबाइलचा आकडा प्रयोगशाळेतल्यासारखा अचूक नसतो, पण आपल्याला आकडा नको, गुणोत्तर हवं असतं. एकाच फोनने, एकाच वेळी, आधी बाहेर आणि मग नेटखाली मोजायचं, म्हणजे फोनची चूक दोन्हीकडे सारखीच राहते. आकाश निरभ्र असावं, वेळ बारा ते एकच्या दरम्यानची. फोन आडवा, पडदा वर, आणि आपली सावली त्यावर पडू द्यायची नाही. कडक उन्हात काही फोनांचा आकडा वर जाऊन अडकतो. तसं झालं तर सेन्सरवर पांढऱ्या कागदाचा तुकडा ठेवायचा, आत आणि बाहेर दोन्हीकडे तोच. आमच्याकडे बाहेर नव्वद हजार लक्सच्या आसपास आणि नेटखाली चोवीस हजार आले. म्हणजे चौथा हिस्सा उजेड आत, तीन हिस्से बाहेर. पन्नास टक्के म्हणून पंचाहत्तर टक्क्यांचा माल दिला होता.

हिरव्या रंगाची गोम इथेच आहे, आणि ती दुकानदार कधी सांगत नाही. लक्स हे माप माणसाच्या डोळ्यासाठी बनवलेलं आहे, आणि आपला डोळा हिरव्या उजेडाला सर्वांत जास्त दाद देतो. हिरवं नेट नेमका हिरवाच उजेड जास्त आत सोडतं आणि रोपाला जास्त उपयोगी पडणारा लाल-निळा भाग अडवतं. म्हणून हिरव्या नेटखाली मीटर जितका उजेड दाखवतो, त्यापेक्षा रोपाच्या वाट्याला कमीच येतो. आमचे चोवीस हजारसुद्धा फुगलेले होते. काळं नेट रंगात भेद करत नाही, सगळा उजेड सारख्या प्रमाणात कापतं, त्यामुळे तिथे मीटरवर जास्त विश्वास ठेवता येतो. पांढरं नेट उजेड विखुरतं, पानांच्या खालपर्यंत पोचवतं. रोपांना ते उत्तम, पण आपल्या पावसाळ्यात त्यावर शेवाळ धरतं आणि उन्हाळ्यात रस्त्याची तांबडी धूळ बसते. धुतलं नाही तर पांढऱ्याचं मातकट होतं आणि टक्के आपोआप वाढतात.

‘काळ्याने भट्टी होते’ हेही तपासलं. काळं नेट स्वतः तापतं हे खरं. पण ती गरमी रोपांपर्यंत येते की वरच्या वर उडून जाते, हे नेट किती उंच आहे आणि वारा खेळतो की नाही यावर ठरतं. आमचं हिरवं नेट इतकं गच्च होतं की वाराच अडत होता. ऑक्टोबरच्या दुपारी आंब्याच्या सावलीत थर्मामीटर ३३ दाखवत होता, आणि ट्रेच्या उंचीवर, ऊन न लागेल असा टांगलेला दुसरा ३६. बाजूंना लावलेलं नेट कंबरेपर्यंत वर गुंडाळल्यावर पारा जवळजवळ दोन अंश उतरला. रंग तोच, नेट तेच. गोव्याच्या दमट हवेत आत कोंडलेली हवा हा रंगापेक्षा मोठा शत्रू आहे, आणि गच्च नेट ती कोंडतं.

तोवर दुसरं भेंडोळं उघडलं नव्हतं. ते रद्दीवाल्याच्या काट्यावर ठेवलं. तीन गुणिले पन्नास म्हणजे दीडशे चौरस मीटर. शंभर जीएसएम म्हणजे चौरस मीटरला शंभर ग्रॅम, तेव्हा वजन पंधरा किलो भरायला हवं. भरलं नऊ किलोच्या आत. मग अंगणात उलगडून टेप लावला तर लांबी शेहेचाळीस मीटर. बारा चौरस मीटरचे पैसे आम्ही हवेचे दिले होते.

आता प्रश्न असा की सावली जास्त आणि वजन कमी, हे जमलं कसं? उत्तर पट्टीत होतं. हे टेप-टेप प्रकारचं नेट, म्हणजे चपट्या पट्ट्यांनी विणलेलं. कमी प्लास्टिक घेऊन पट्टी पापडासारखी पातळ आणि रुंद लाटली की भोकं झाकली जातात. दुकानात नेट उजेडासमोर धरून बघितलं की गिऱ्हाइकाला वाटतं, वा, काय दणकट विण आहे! सावली जास्त म्हणजे माल जास्त, हा आपला समज, आणि त्याच समजावर हा धंदा चालतो. पट्टी सुटी करून दोन बोटांत ताणली तेव्हा ती मधे पांढरी पडली आणि लांब होत गेली.

रोपांचं पुढे काय केलं ते थोडक्यात सांगतो. उरलेले ट्रे अर्धा दिवस उघड्यावर काढून सावरले, पण मिरचीचा निम्म्याहून जास्त माल विकण्याजोगा राहिला नाही.

खरी गंमत मे महिन्यात कळली. नेट तोवर विटलं होतं. वाऱ्याने एका कोपऱ्यात फाटलं म्हणून शिवायला हात लावला, तर पट्ट्या बोटांत चुरल्या आणि हाताला हिरवट भुकटी लागली. पाच वर्षं सोडा, एक पावसाळाही बाहेर काढला नव्हता. दुकानात गेलो तर उत्तर तयार, “तुम्ही गंधक फवारलं असेल. गंधकाने यूव्ही मरतं.” यात तथ्य आहे. गंधक आणि क्लोरीनयुक्त औषधांनी प्लास्टिकमधलं ऊन सोसणारं रसायन निकामी होतं, आणि कंपन्या याच कारणाने गॅरंटी नाकारतात. पण आमच्या नेटची एक हातभर पट्टी शेजारच्या पडवीच्या पत्र्याखाली जात होती. फवारे तिच्यावरही तेच, पाऊसवारा तोच, फक्त ऊन नाही. ती पट्टी कापून नेली होती. काउंटरवर उन्हातला तुकडा ओढला तर तटकन तुटला, पत्र्याखालचा ओढला तर हाताला वळ उठला. दुकानातली दोन गिऱ्हाइकं बघत राहिली. त्यावर तो म्हणाला, “बाब, तुम्ही उगाच वाढवता,” आणि न वापरलेलं भेंडोळं परत घ्यायला तयार झाला. वापरलेल्याचे पैसे दिले नाहीत.

त्यासाठी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. तुमचं असं काही झालं असेल तर लक्षात ठेवा, ग्राहक आयोगाकडे जायला कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. आणि पोटापाण्यासाठी स्वतः चालवलेली रोपवाटिका असेल तर ‘तुम्ही व्यापारी, ग्राहक नाही’ हा दुकानदाराचा मुद्दा टिकत नाही. पुरावा म्हणून फोटोपेक्षा वजनाची चिठ्ठी आणि नेटचे दोन तुकडे, एक उन्हातला आणि एक सावलीतला, जास्त कामाला येतात.

यंदा काळं, मोनो-मोनो, पन्नास टक्के घेतलं. मोनो म्हणजे गोल दोऱ्याचं. ते वाऱ्यात फडफडत नाही आणि हवा सोडतं. काळ्या रंगातलं कार्बन स्वतःच ऊन सोसतं, म्हणून चांगलं काळं नेट टिकतं. पण इथेही डोळे उघडे ठेवा, कारण भंगार वितळवून केलेलं प्लास्टिक लपवायला काळ्याइतका सोयीचा रंग दुसरा नाही. दोरा खरखरीत लागला, मधेच जाड-बारीक झाला किंवा जळकट वास आला तर भेंडोळं परत ठेवा. शेडनेटसाठी आयएस १६००८ हे भारतीय मानक आहे, पट्टीच्या आणि दोऱ्याच्या नेटसाठी त्याचे वेगळे भाग आहेत. मालावर आयएसआय चिन्ह असेल तर त्याखालचा परवाना क्रमांक बीआयएस केअर अ‍ॅपवर टाकून बघता येतो. आम्ही दुकानदाराला टक्के, जीएसएम, लांबी-रुंदी आणि यूव्हीची वर्षं बिलावर लिहायला लावली. पहिल्या दोघांनी नाही म्हटलं. तिसऱ्याने लिहिलं, आणि भेंडोळं दुकानातल्याच काट्यावर ठेवून दाखवलं.

मांडवही आता साडेतीन मीटर उंच केला आहे. नेट तारेवर सरकतं ठेवलंय, म्हणजे ढगाळ दिवशी आणि रोपं द्यायच्या आधीचा आठवडा ते बाजूला करता येतं. पाऊस नेटने अडत नाही, उलट थेंब जमून मोठे पडतात, तेव्हा पावसाळी रोपांसाठी वर प्लास्टिकचा कागद वेगळा लागतो. त्यात मात्र अजून कोणी फसवलेलं नाही.