मूल्यमापनाला किती टक्के: आधी आकडा की आधी हिशोब?

निधीसाठीच्या प्रपोजलमधली सनियंत्रण-मूल्यमापनाची ओळ दोन पद्धतींनी भरता येते. एकूण बजेटच्या 5 ते 10 टक्के टाकून मोकळं व्हायचं, कारण हा आकडा फंडरच्या सवयीचा असतो. किंवा काय मोजायचं ते ठरवून खर्च खालून वर मांडायचा. पहिल्याला पाच मिनिटं लागतात, दुसऱ्याला दोन दिवस. मी ते दोन दिवस द्यायला सांगेन.

समजा, 60 गावांत तिसरी-चौथीच्या मुलांसाठी वर्षभराचा वाचन प्रकल्प आहे, बजेट 40 लाख. सोपा परिच्छेद वाचणारी मुलं 30 टक्क्यांवरून 45 वर न्यायची आहेत. हा फरक भरवशाने दिसायला चाचणीच्या प्रत्येक फेरीत साधारण 160 मुलं तपासावी लागतात. पण एका गावातली मुलं बरीचशी सारखीच असतात, म्हणून दुप्पट, म्हणजे 320 धरू: 40 गावं, गावात 8 मुलं. तोंडी चाचणी एकेकाची, त्यामुळे एका गावाला एका माणसाचा दिवस जातो. मानधन-प्रवास रोजचे 1,000 धरले तर 40,000 झाले. प्रशिक्षण, फेरतपासणी, विश्लेषण यांचे 60,000, म्हणजे एका फेरीला 1 लाख. सुरुवातीची फेरी म्हणजे बेसलाइन आणि शेवटची म्हणजे एंडलाइन, दोन्ही मिळून 2 लाख. वर्षभराच्या देखरेखीला प्रकल्पाची माहिती नोंदवणारा अर्धवेळ एमआयएस कार्यकर्ता आणि गावभेटी, 1 लाख 80 हजार. एकूण 3 लाख 80 हजार, म्हणजे बजेटच्या साडेनऊ टक्के.

हाच प्रकल्प 12 लाखांचा असता तरी नमुना जवळपास तेवढाच लागला असता आणि नुसत्या दोन फेऱ्यांनाच सतरा टक्के गेले असते. टक्केवारीची पद्धत इथे फसते. एवढ्या लहान प्रकल्पाने परिणाम सिद्ध करायचं वचनच देऊ नये, हजेरी आणि मासिक चाचण्यांची देखरेख नीट करावी.

40 लाखांच्या प्रकल्पात फंडर म्हणतो, सात टक्क्यांत बसवा. म्हणजे एक लाख कमी. नमुना अर्धा केला तर दोन फेऱ्यांत जेमतेम 40,000 वाचतात, कारण प्रशिक्षण-विश्लेषण तेवढंच राहतं. आणि मग 21 टक्केबिंदूंहून लहान फरक हाती लागेलच असं नाही. म्हणून बहुतेक जण बेसलाइन गाळतात. आम्हीही एकदा गाळली. वर्षअखेर किती मुलं वाचतात ते कळलं, आधी किती वाचत होती ते कुणालाच सांगता येईना.

म्हणून फंडरपुढे टक्के नेऊ नका, प्रत्येक रकमेसमोर तिने कोणता प्रश्न सुटतो ते लिहा. ‘हे एक लाख काढले तर 30 टक्क्यांवरून 45 पर्यंत वाढ झाली की नाही हे आम्ही सांगू शकणार नाही’ असं स्पष्ट म्हणा. मग काय सोडायचं ते त्यांनाही ठरवता येतं.

सीएसआरचा पैसा असेल तर आणखी एक अडचण येते. कंपनीचे लोक हा खर्च पाच टक्क्यांच्या प्रशासकीय मर्यादेत ढकलू पाहतात. 2021 च्या सुधारित सीएसआर नियमांतली प्रशासकीय खर्चाची व्याख्या त्यांना दाखवा: विशिष्ट प्रकल्पाच्या आखणी, अंमलबजावणी, सनियंत्रण आणि मूल्यमापनावरचा थेट खर्च त्यातून वगळलेला आहे.