बोलणं कागदावर उतरवताना: जसंच्या तसं, साफ करून, की आपल्या शब्दांत?

मुलाखतीचं रेकॉर्डिंग ऐकून झालं, उतरवूनही झालं, आणि आता त्यातलं चार ओळींचं बोलणं लेखात घ्यायचं आहे. इथे तीन वाटा फुटतात. माणूस जसा बोलला तसंच छापायचं, अडखळणं काढून साफ करून छापायचं, किंवा मजकूर आपल्या शब्दांत सांगून त्यातला एखादाच तुकडा अवतरणचिन्हांत ठेवायचा. तिन्ही प्रामाणिक असू शकतात आणि तिन्हींत खोटेपणा करता येतो. फक्त प्रत्येकीत तो वेगळ्या दारानं आत येतो.

तुलनेसाठी एकच उतारा घेऊ. हा मी या लेखापुरता रचला आहे, पण अशा बोलण्याची गाठ मुलाखती घेणाऱ्या कोणालाही पडते. गोदामाला आग लागली, रखवालदाराला विचारलं, "त्या रात्री काय झालं?" रेकॉर्डिंगमधलं उत्तर असं:

"अं… म्हणजे, त्या रात्री ना, मी गेटवरच होतो. म्हणजे गेटवर म्हणजे, केबिनमध्ये. तर ते आपलं, साहेब आले, अकरा, साडेअकरा असतील, आणि त्यांनी, त्यांनी मागच्या दाराला कुलूप लावलं म्हणे. मी काय पाहिलं नाही ते. पण… (चार सेकंद शांतता) आपण काय बोलणार हो. आपल्याला चावी कुठं देतात."

पहिली वाट म्हणजे हे असंच छापणं. यात लेखकाचा हात सगळ्यात कमी लागतो, म्हणून ती सगळ्यात प्रामाणिक वाटते. न्यायालयीन जबाब, भाषेचा अभ्यास, मौखिक इतिहासाचा संग्रह अशा ठिकाणी दुसरा पर्यायच नाही. संभाषणाचा अभ्यास करणारे तर गेल जेफरसन यांनी घडवलेल्या खुणा वापरून श्वास आणि सेकंदाच्या दशांशातले विरामही नोंदवतात, कारण 'अं' हा नुसता कचरा नसतो. हर्बर्ट क्लार्क आणि जीन फॉक्स ट्री यांनी 2002 साली इंग्रजी बोलण्याबद्दल दाखवलं होतं, की 'अ' नंतरचा विराम सहसा छोटा असतो आणि 'अम्' नंतरचा मोठा, म्हणजे बोलणारा त्यातून ऐकणाऱ्याला 'थांब, येतंय' असं कळवत असतो.

पण लेखात ही वाट वेगळीच वागते. कानाला 'अं', 'ना', 'ते आपलं' ऐकूच येत नाही, डोळ्याला मात्र ते टोचतं. समोर बसून ऐकलं तर हाच रखवालदार सरळ, सावध माणूस वाटला असता. कागदावर तो गोंधळलेला दिसतो, थोडा लपवाछपवी करणाराही. त्यात एक जुनी खोड अशी, की त्याच लेखातल्या साहेबांचं बोलणं बहुतेकदा साफ होऊन येतं. एकाच्या तोंडची 'म्हणजे' ठेवायची आणि दुसऱ्याची काढायची, हा भेदभाव एकही शब्द न बदलता करता येतो. शब्दशः छापायचं तर सगळ्यांचं शब्दशः छापा. बोलीचंही तसंच. एकाचं 'व्हतं' ठेवलं असेल, तर दुसऱ्याच्या बोलण्यातला हेलही ठेवावा लागेल.

दुसरी वाट साफ करण्याची. प्रश्नोत्तरांच्या मुलाखतीत बहुतेक जण हीच घेतात, आणि माझ्या मते तिथे तीच योग्य आहे. मात्र सगळ्यात जास्त घसरगुंडी इथेच आहे. हे पाहा:

"त्या रात्री मी गेटवरच होतो… साहेब आले… आणि त्यांनी मागच्या दाराला कुलूप लावलं."

यात एकही शब्द माझा नाही. गाळलेल्या जागी टिंबंही दिली आहेत. आणि तरीही मी एक प्रत्यक्षदर्शी साक्षीदार तयार केला आहे, जो मूळ रेकॉर्डिंगमध्ये नाही. 'म्हणे' गेलं, त्याबरोबर ऐकीव गोष्ट डोळ्यांदेखत घडलेली झाली. 'म्हणजे गेटवर म्हणजे, केबिनमध्ये' हे पालुपद समजून उडवलं, पण ती दुरुस्ती होती. केबिनमध्ये बसलेल्या माणसाला मागचं दार कदाचित दिसतही नसेल.

मराठीत हे सहज घडतं, कारण आपली भाषा महत्त्वाचं बरंचसं वाक्याच्या शेपटीला ठेवते. नकार शेवटी येतो, 'असं मला वाटतं' शेवटी येतं, 'म्हणे' शेवटी येतं, 'असेल' शेवटी येतं. वाक्य लांबलं म्हणून शेवट छाटला, की अंदाजाचं ठाम विधान होतं. म्हणून साफ करताना मी शेपटीला हात लावत नाही. कापायचंच तर वाक्याच्या सुरुवातीचं कापते.

'म्हणजे'ची गोष्ट आणखी नाजूक. उताऱ्यात ते तीनदा आहे. पहिलं निव्वळ घसा साफ करणं, ते जाऊ द्यावं. दुसरं-तिसरं मिळून दुरुस्ती आहे, ते राहिलंच पाहिजे. ओळखायचं कसं? तो शब्द काढा आणि त्याच्या दोन्ही बाजूंची वाक्यं वाचा. दोन्ही एकच गोष्ट सांगत असतील तर तो भराव होता. दुसरं वाक्य पहिल्याला आवर घालत असेल, तर तो शब्द कामाचा होता. तेव्हा माझ्या हातून साफ झालेला उतारा असा येईल:

"त्या रात्री मी गेटवरच होतो. म्हणजे, केबिनमध्ये. साहेब आले, अकरा, साडेअकरा असतील, आणि त्यांनी मागच्या दाराला कुलूप लावलं म्हणे. मी काय पाहिलं नाही ते."

'अं', 'ना', 'तर ते आपलं', दोनदा आलेलं 'त्यांनी' आणि 'गेटवर'ची पुनरुक्ती गेली. क्रम तसाच आहे. 'काय पाहिलं नाही' याचं 'काही पाहिलं नाही' केलेलं नाही, कारण तसं करायची गरज काय?

इतक्या किरकोळ सफाईसाठी टिंबं द्यावीत का, यावर दोन मतं आहेत. प्रत्येक 'अं'च्या जागी टिंबं दिली तर उतारा चाळणीसारखा दिसतो आणि वाचकाला वाटतं की काहीतरी दडवलंय. माझा हिशोब असा: नुसता आवाज काढला तर खूण नको, मुलाखतींच्या सुरुवातीला 'अडखळणारे शब्द काढले आहेत' एवढी एक ओळ पुरे. अर्थ असलेला शब्द काढला तर खूण हवीच. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेची शैलीपुस्तिका याहून कडक राहिली आहे. तिच्या मते व्याकरणाची किरकोळ चूकसुद्धा अवतरणात दुरुस्त करायची नाही. न जमलं तर अवतरण सोडून आपल्या शब्दांत सांगायचं.

टिंबांची दुसरी अडचण अशी, की तीच खूण दोन कामं करते. बोलणारा थांबला तरी टिंबं आणि लेखकानं गाळलं तरी टिंबं. 'पण… आपण काय बोलणार हो' असं छापलं, तर रखवालदार गप्प बसला की मी काहीतरी कापलं, हे वाचकाला कळणार नाही. सोपा उपाय: गाळलेल्यासाठी चौकटी कंसातली टिंबं, […], आणि शांततेसाठी सरळ शब्द. 'चार सेकंद तो काही बोलला नाही' हे वाक्य कुठल्याही टिंबांपेक्षा स्वच्छ आहे. आणि एका प्रश्नाच्या उत्तराला वीस मिनिटांनंतरच्या दुसऱ्या उत्तराचा तुकडा जोडायला टिंबं वापरूच नयेत. अवतरण बंद करा, मधे 'नंतर तो म्हणाला' लिहा, पुन्हा उघडा.

चौकटी कंसात आपला शब्द घालण्यातही मराठीत खड्डे आहेत. 'त्यांनी कुलूप लावलं' यातले 'त्यांनी' म्हणजे एक साहेब आदरार्थी, की साहेब आणि बरोबरची माणसं? क्रियापद कुलपाप्रमाणे चालतं, करणाऱ्याबद्दल काहीच सांगत नाही. तिथे '[व्यवस्थापकांनी]' असं ठोकून दिलं, तर कंस खरा दिसतो आणि आत माझा अंदाज बसतो. तसंच 'आपण काय बोलणार'. यातलं 'आपण' म्हणजे मी, आम्ही सगळे कामगार, की तुम्हीआम्ही कोणीही? '[आम्ही]' केलं की त्याच्या तोंडी संघटनेची भाषा येते, '[मी]' केलं की तक्रार. हे त्यालाच विचारावं लागतं. विचारता आलं नाही तर 'आपण' तसंच ठेवावं, मराठी वाचकाला ते मूळच्याच धूसरपणासह समजतं. कंसातला शब्द मूळ शब्दाच्या जागी न घालता त्याच्या पाठोपाठ घाला, 'साहेब [व्यवस्थापक]' असा, म्हणजे मूळ शब्द डोळ्यांसमोर राहतो. आणि एका वाक्यात तीन कंस व्हायला लागले, तर ते अवतरण मेलं असं समजून तिसऱ्या वाटेला लागावं.

तिसरी वाट अशी दिसते:

रखवालदार त्या रात्री गेटवरच्या केबिनमध्ये होता. साडेअकराच्या सुमारास साहेब आले आणि मागच्या दाराला कुलूप लावलं, असं त्यानं ऐकलं. स्वतः पाहिलेलं नाही, असं तो सांगतो. मग थोडा वेळ गप्प राहून तो म्हणाला, "आपल्याला चावी कुठं देतात."

बातमीला हे सगळ्यात बरं. घटना नीट कळते आणि खरं वजन असलेलं एकच वाक्य त्याच्या आवाजात उरतं. फक्त आता जबाबदारी अवतरणाबाहेर सरकली आहे. तोल पाहा: 'अकरा, साडेअकरा'चं मी 'साडेअकराच्या सुमारास' केलं. हे चुकलंच, 'अकरा ते साडेअकराच्या दरम्यान' हवं. 'चावीबद्दल विचारल्यावर तो म्हणाला' असं लिहिलं असतं तर आणखी वाईट. चावीचा विषय त्यानं आपणहून काढला होता, आणि बातमी त्यातच होती.

शिवाय 'की'पासून सांभाळा. 'रखवालदार म्हणाला की मी पाहिलं नाही' यातला 'मी' कोण, हे मराठीत संदर्भावरच कळतं. 'की'नंतर त्याचे शब्द आहेत की माझे, हे फक्त अवतरणचिन्हं सांगतात. म्हणून चिन्हं असतील तर आतलं सगळं त्याचं, आणि सारांश असेल तर 'स्वतः पाहिलं नसल्याचं तो सांगतो' अशी रचना.

बदल किती चालतो, याला कायद्याचीही एक मोजपट्टी आहे. मानसविश्लेषक जेफ्री मॅसन यांनी पत्रकार जॅनेट माल्कम यांच्यावर बदललेल्या अवतरणांवरून मानहानीचा दावा लावला होता. त्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं 1991 साली म्हटलं, की शब्द मुद्दाम बदलले एवढ्यानं अवतरण जाणूनबुजून खोटं ठरत नाही. बदलामुळे अर्थात लक्षणीय फरक पडला पाहिजे. पुढे 1994 मध्ये ज्यूरीचा कौल माल्कम यांच्या बाजूनं गेला. पण ही रेघ न्यायालयात हरण्याची आहे. लिहिणाऱ्यानं तिच्या बऱ्याच अलीकडे थांबावं.

तर निवड कशी करायची? शब्दांवरूनच वाद होणार असेल, किंवा उतारा पुढे इतर कोणी पुरावा म्हणून वापरणार असेल, तर शब्दशः. माणूस आणि त्याचा विचार वाचकाला भेटवायचा असेल तर साफ करून. माहिती त्याची पण मांडणी विस्कळीत असेल तर तिसरी वाट. गोदामाच्या बातमीसाठी मी तिसरी घेईन आणि पहिली, शब्दशः उतरवलेली प्रत वेळेच्या नोंदींसह फाइलमध्ये ठेवीन.

मजकूर पुढे देण्याआधी प्रत्येक अवतरण रेकॉर्डिंगशी ताडून बघते, आणि फक्त ते वाक्य ऐकत नाही, त्याच्या आधीचं आणि नंतरचं अर्धं मिनिटही ऐकते. 'मी काय पाहिलं नाही ते' हे तिथेच सापडतं. त्यानंतर उरतो मथळा. आत सगळं सांभाळलं तरी जागा कमी पडते म्हणून वर 'साहेबांनी कुलूप लावलं' अवतरणचिन्हांत येऊ शकतं, आणि तेव्हा लेखक घरी गेलेला असतो. म्हणून अशा प्रतीत त्या वाक्याशेजारी मी संपादकासाठी लिहून ठेवते: 'म्हणे' काढू नये, ऐकीव आहे.